पाऊण की दोन-तृतीयांश? चयापचयाच्या घातांकाचा वाद

इकॉलॉजीच्या सेमिनार पेपरमध्ये एक वाक्य हमखास भेटते: ‘क्लायबरच्या नियमानुसार प्राण्याचा चयापचय दर त्याच्या वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढतो.’ एवढे लिहून पेपर लोकसंख्येची घनता, अन्नसाखळी, अधिवासाचा आकार अशा पुढच्या मुद्द्यांकडे वळतो. त्या वाक्यात नव्वद वर्षांहून जुना वाद दडलेला आहे, याचा वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. घातांक खरोखर पाऊण आहे की दोन-तृतीयांश, यावर फार मोठ्या शास्त्रज्ञांनी एकमेकांची आकडेवारी उलटीपालटी केली आहे. त्या वादातून जे हाती लागले ते कोणत्याही एका आकड्यापेक्षा मोलाचे आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. वीस ग्रॅमचा उंदीर आणि पाचशे किलोची गाय घेतली, तर गायीचे वजन उंदराच्या २५,००० पट भरते. गायीच्या प्रत्येक ग्रॅमने उंदराच्या ग्रॅमइतकीच ऊर्जा खर्च केली असती, तर तिचा रोजचा खर्चही २५,००० पट झाला असता. प्रत्यक्षात तो त्याच्या जवळपासही जात नाही. घातांक पाऊण धरला तर खर्च सुमारे २,००० पट येतो आणि दोन-तृतीयांश धरला तर सुमारे ८५५ पट. म्हणजे पहिल्या हिशेबाने उंदराचा एक ग्रॅम गायीच्या ग्रॅमच्या साडेबारा पट ऊर्जा जाळतो, तर दुसऱ्या हिशेबाने जवळजवळ तीस पट. मोठ्या शरीराचा ग्रॅम संथपणे जळतो हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. किती संथपणे, यावर भांडण आहे.

गणिती भाषेत हे असे लिहितात:

B = a × M^b

यात B म्हणजे चयापचय दर, M म्हणजे वजन आणि b हा आपला घातांक. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की हे समीकरण सरळ रेषेचे होते आणि b हा त्या रेषेचा चढ ठरतो. त्यामुळे वेगवेगळ्या प्राण्यांचे ठिपके लॉग-लॉग आलेखावर मांडायचे, त्यांतून रेषा काढायची आणि तिचा चढ मोजायचा, अशी ही पद्धत आहे. ऐकायला सोपी वाटते, पण कोणते ठिपके घ्यायचे, ते कसे मोजलेले असावेत आणि रेषा सरळच का असावी, या तीन प्रश्नांवर सगळा वाद उभा आहे.

त्वचेचा हिशेब

दोन-तृतीयांश हा आकडा आधी आला आणि तो भूमितीतून आला. घनाची कडा दुप्पट केली तर त्याचे पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. आठाचा दोन-तृतीयांश घात चार. म्हणजे आकार तोच राहून शरीर वाढले, तर पृष्ठफळ वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. शरीरात तयार होणारी उष्णता त्वचेवाटे बाहेर जाते, म्हणून उष्णतेची निर्मितीही पृष्ठफळाच्या प्रमाणात असावी, असा तर्क फ्रान्समध्ये सारूस आणि रामो यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस मांडला.

तो मोजून दाखवला जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स रुबनरने, १८८३ मध्ये. त्याने लहानमोठ्या सात कुत्र्यांचा ऊर्जाखर्च मोजला. सर्वांत मोठा कुत्रा सुमारे ३१ किलोचा होता आणि दिवसाला दर किलोमागे सुमारे ३६ किलोकॅलरी खर्च करत होता. सर्वांत लहान कुत्रा सव्वातीन किलोच्या आतला होता, पण त्याचा खर्च दर किलोमागे सुमारे ८८ किलोकॅलरी होता. हाच खर्च त्वचेच्या चौरस मीटरमागे मांडला, तेव्हा सगळे कुत्रे साधारण हजार ते बाराशे किलोकॅलरींच्या टप्प्यात आले. ‘पृष्ठफळाचा नियम’ त्यानंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

आता हेच दोन कुत्रे घेऊन घातांक काढून पाहू. वजनांचे गुणोत्तर सुमारे ९.८ आणि एकूण खर्चाचे सुमारे ४. चाराचा लॉग ०.६० आणि ९.८ चा ०.९९, म्हणून भागाकार जेमतेम ०.६. हे दोन-तृतीयांशही नाही आणि पाऊण तर नाहीच. वजनात दहापटच फरक असेल, तर पाऊण घाताने खर्च ५.६ पट यायला हवा आणि दोन-तृतीयांशाने ४.६ पट. दोहोंत जेमतेम एक-पंचमांशाचे अंतर आहे, आणि मोजणीतला एवढातेवढा फरक ते सहज पुसून टाकतो. म्हणून या प्रश्नाला उंदरापासून हत्तीपर्यंतचा विस्तार लागतो. एका जातीच्या लहानमोठ्या प्राण्यांवरून तो सुटत नाही.

क्लायबरचे तेरा ठिपके

मॅक्स क्लायबर मूळचा स्वित्झर्लंडचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शेतकी महाविद्यालयात तो जनावरांच्या पोषणावर काम करत होता. १९३२ मध्ये ‘हिल्गार्डिया’ या शेतकी संशोधनाच्या नियतकालिकात त्याने तेरा ओळींचा तक्ता छापला. त्यात दोन बैल, एक गाय, एक पुरुष, एक स्त्री, मेंढी, कुत्र्याच्या दोन नोंदी, कोंबडी, कबूतर, उंदराच्या (रॅटच्या) दोन नोंदी आणि एक होला होता. हलक्या टोकाला १५० ग्रॅमचा होला आणि जड टोकाला ६७९ किलोचा बैल. या तेरा ठिपक्यांतून काढलेल्या रेषेचा चढ ०.७४ आला.

दोन टोके घेऊन हे पडताळता येते. होल्याचा दिवसाचा खर्च सुमारे १९.५ किलोकॅलरी आणि बैलाचा सुमारे ८,२७०. खर्चाचे गुणोत्तर ४२४, वजनांचे सुमारे ४,५२७. लॉग घेतले तर २.६३ आणि ३.६६, म्हणून घातांक ०.७२. मधले सगळे ठिपके धरले की तो ०.७४ होतो. दोन-तृतीयांशापेक्षा हे वर आहे एवढे क्लायबरला दिसले. शिवाय पृष्ठफळाबद्दल त्याचा वेगळा आक्षेप होता. प्राण्याचे पृष्ठफळ मोजायचे कसे? कातडी ताणून की सैल ठेवून? कानांच्या दोन्ही बाजू धरायच्या का? वजन काट्यावर निर्विवादपणे मिळते, तर नियम वजनावरच बेतावा, असे त्याचे म्हणणे होते.

मग ०.७४ चे पाऊण कसे झाले? त्यामागे व्यवहार होता. पाऊण घात काढायला दोनदा वर्गमूळ घेऊन घन केला की झाले, आणि त्या काळच्या स्लाइड रूलवर ते चटकन जमत असे. ४०० किलोच्या गायीचे उदाहरण घ्या: ४०० चे वर्गमूळ २०, वीसाचे ४.४७ आणि त्याचा घन सुमारे ८९. यालाच जनावरांच्या पोषणशास्त्रात ‘मेटाबॉलिक बॉडी वेट’ म्हणतात आणि आपल्याकडच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही खुराकाचा हिशेब त्यावर शिकवतात. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ट्रून येथे ऊर्जा-चयापचयावरील परिसंवादात पाऊण हा घातांक चक्क मतदानाने स्वीकारला गेला: बाजूने २९, विरोधात शून्य. ते मतदान सर्वांनी एकच मोजमाप वापरावे म्हणून होते आणि त्या कामापुरते ते योग्यही होते. पुढे मात्र सोयीसाठी घेतलेला आकडा निसर्गाचा स्थिरांक म्हणून वाचला जाऊ लागला.

पाऊणच का? नळांचे उत्तर

पाऊण हा आकडा अनेक वर्षे निव्वळ निरीक्षण म्हणून राहिला. दोन-तृतीयांशामागे भूमिती होती, पाऊणामागे काहीच नव्हते. १९९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री वेस्ट आणि इकॉलॉजिस्ट जेम्स ब्राउन व ब्रायन एन्क्विस्ट यांनी ‘सायन्स’मध्ये एक सिद्धान्त मांडला आणि चित्र पालटले. त्यांच्या मते शरीराचा खर्च ठरवणारी गोष्ट म्हणजे पेशींपर्यंत ऑक्सिजन आणि अन्न पोचवणारे रक्तवाहिन्यांचे जाळे. हे जाळे शाखा फुटत फुटत सगळ्या शरीरभर पोचते, त्याचे शेवटचे टोक म्हणजे केशवाहिनी उंदरात आणि देवमाशात जवळपास सारखीच असते, आणि रक्त ढकलायला कमीत कमी शक्ती लागावी अशी त्याची रचना उत्क्रांतीने घडवलेली असते. ही तीन गृहीतके.

त्यांचे मूळ गणित लांबलचक आहे, पण १९९९ मध्ये बनावर, मारितान आणि रिनाल्डो यांनी ‘नेचर’मध्ये त्याचा गाभा फार सोपा करून दाखवला. गावाच्या नळपाणी योजनेचा विचार करा. घरांची संख्या वाढते तशी रोजची पाण्याची गरज वाढतेच, पण लांबच्या घरापर्यंत पोचणाऱ्या पाइपातही सतत पाणी भरलेले ठेवावे लागते. शरीरातही तसेच. रक्त पोचवायच्या जागांमधले अंतर हे एकक धरून शरीराची लांबी मोजली आणि ती दुप्पट झाली असे समजा. जागा तिन्ही दिशांना पसरलेल्या असल्याने त्यांची संख्या आठपट होईल. पण प्रत्येक जागेचे अंतर सरासरीने दुप्पट झाल्यामुळे वाटेवर असलेले रक्त आठ गुणिले दोन, म्हणजे सोळा पट होईल. आता सस्तन प्राण्यांत रक्त शरीराच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्केच असते, प्राणी लहान असो की मोठा. म्हणून रक्त सोळा पट व्हायचे तर शरीरही सोळा पट व्हायला हवे. वजन सोळा पट, ऑक्सिजन पोचवायच्या जागा आठपट. सोळाचा पाऊण घात बरोबर आठ.

हे उत्तर इतके देखणे होते की इकॉलॉजीत त्याने घर केले. पण त्यातली एक अट पुढे मागे पडली. हे गणित काटेकोर लागू पडते ते जाळे अमर्याद मोठे असेल तर. २००८ मध्ये याच विचारधारेत काम करणाऱ्या व्हॅन सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी खऱ्या सस्तन प्राण्यांच्या आकारांसाठी मूळ गृहीतकांवरूनच हिशेब केला, तेव्हा घातांक पाऊण न येता ०.८१ च्या आसपास आला. म्हणजे ज्या सिद्धान्ताने पाऊणाला पाया दिला, तोच सिद्धान्त प्रत्यक्ष प्राण्यांसाठी पाऊणाचे भाकीत करत नव्हता.

आणखी एक अडचण आहे. जाळ्याची क्षमता ही मर्यादा असेल, तर ती प्राणी जीव तोडून धावतो तेव्हा आड यायला हवी, शांत बसलेला असताना नव्हे. स्विस शरीररचनातज्ज्ञ एवाल्ड वायबेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सस्तन प्राण्यांचा धावतानाचा कमाल ऑक्सिजन-वापर तपासला आणि त्याचा घातांक ०.८७ आला. विश्रांतीतला घातांक आणि कमाल कामाचा घातांक वेगळे आहेत. एकाच जाळ्याने एकच आकडा ठरवावा, ही अपेक्षा इथे तुटते.

गायीचे कोठीपोट आणि चिचुंद्रीची भूक

आता मोजणीकडे येऊ, कारण वादाचा सर्वांत बोलका भाग तिथे आहे. या सगळ्या आलेखांवर जो दर मांडतात तो मूलभूत चयापचय दर, म्हणजे बीएमआर. तो मोजायला प्राणी पूर्ण वाढलेला, जागा पण शांत, गाभण किंवा दूध देणारा नसलेला हवा. भोवतालचे तापमान असे हवे की अंग गरम किंवा गार राखायला त्याला वेगळी ऊर्जा लागू नये. आणि पोटातले अन्न पूर्ण पचून गेलेले हवे, कारण पचनाचीही उष्णता असते. मग त्याला बंद कक्षात ठेवून ऑक्सिजनचा वापर मोजतात. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे सुमारे ४.८ किलोकॅलरी. या अटी किती नाजूक आहेत हे घरच्या उंदराच्या उदाहरणावरून कळते. त्याला सुखाचे तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस लागते. माणसाला छान वाटणाऱ्या २२ अंशांच्या खोलीत त्याचा दर दीडपटीहून जास्त मोजला जातो.

पचनाची अट गायीच्या बाबतीत जवळजवळ पाळता येत नाही. गायीच्या कोठीपोटात जंतू चारा आंबवत असतात आणि चारा बंद केला तरी ते काम दिवसचे दिवस चालू राहते. ते थांबले की नाही हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक म्हणजे बाहेर पडणारा मिथेन जवळपास बंद व्हायला हवा. दुसरी म्हणजे सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे वापरलेल्या ऑक्सिजनशी गुणोत्तर ०.७ च्या आसपास उतरायला हवे, कारण तेव्हा शरीर साठवलेली चरबी जाळत असते. पिष्टमय पदार्थ जळताना हे गुणोत्तर एकच्या जवळ असते. दुसऱ्या टोकाला चिचुंद्रीचे कूळ आहे. त्यातले इवलेसे प्राणी काही तास उपाशी राहिले तरी दगावतात, त्यामुळे त्यांना पोट रिकामे आणि तरीही शांत अशा अवस्थेत पकडणे अवघड.

ऑस्ट्रेलियातील क्रेग व्हाइट आणि रॉजर सिमोर यांनी २००३ मध्ये नेमके याच गोष्टींवर बोट ठेवले. त्यांनी ६१९ सस्तन प्रजातींची आकडेवारी घेतली आणि ज्यांचा खरा बीएमआर मिळणे कठीण असे गट बाजूला काढले: रवंथ करणाऱ्यांसह जोडखुरांचे प्राणी, कांगारूंचे कूळ, ससे आणि चिचुंद्रीचे कूळ. शिवाय शरीराच्या तापमानातला फरकही हिशेबात धरला. सस्तन असले तरी सगळ्यांचे अंग सारखे गरम नसते, आणि दर दहा अंशांना रासायनिक क्रियांचा वेग तिप्पट होतो असे धरले तर अवघ्या तीन अंशांच्या फरकाने दर सुमारे ४० टक्क्यांनी बदलतो. हे सगळे सावरून त्यांनी रेषा काढली तेव्हा चढ ०.६७ आला. रुबनरचा दोन-तृतीयांश परत आला.

एका टोकाची चूक चढावर किती परिणाम करते, हे क्लायबरच्याच तक्त्यावर तपासता येते. समजा त्या बैलाचा दर पचन चालू असल्यामुळे ३० टक्के जास्त मोजला गेला होता. मग खरा दर सुमारे ६,३६० किलोकॅलरी ठरेल, होल्याशी गुणोत्तर ३२६ होईल आणि दोन टोकांमधला घातांक ०.७२ वरून ०.६९ वर येईल. हा निव्वळ नमुन्यादाखल केलेला हिशेब आहे, बैल चुकीचा मोजला गेला असे यातून सिद्ध होत नाही. पण माणसापेक्षा जड असलेल्या क्लायबरच्या तिन्ही नोंदी गायीबैलांच्याच होत्या आणि दोन पक्षांमधले सगळे अंतर ०.०८ आहे, हे ध्यानात घेतले की एवढा धक्का किती मोठा हे कळते.

दोघेही बरोबर कसे?

पाऊण पक्षाने याला उत्तर दिले आणि त्या उत्तरातही दम होता. जोडखुरी प्राणी काढून टाकले की मोठ्या प्राण्यांचा मोठा भागच आलेखावरून नाहीसा होतो, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मोजदादीचा. सस्तन प्राण्यांत उंदीरवर्गीय आणि वटवाघळे यांच्याच प्रजाती निम्म्याहून जास्त आहेत. त्यामुळे प्रत्येक प्रजातीला एक मत दिले, तर रेषेचा चढ एक किलोच्या आतले प्राणीच ठरवतात. २००४ मध्ये सॅव्हेज, वेस्ट, ब्राउन आणि इतरांनी ६२६ प्रजाती घेतल्या. सरळ रेषेने त्यांना घातांक ०.७१ मिळाला. मग त्यांनी वजनाचे समान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची सरासरी घेतली, म्हणजे प्रत्येक आकाराला सारखे मत दिले. घातांक ०.७४ झाला.

प्राणी तेच असून मते देण्याची पद्धत बदलताच निकाल बदलला. रेषा खरोखर सरळ असती तर असे व्हायला नको होते. सरळ रेषेवर लहान प्राण्यांना जास्त वजन द्या की मोठ्यांना, चढ तोच यायला हवा. डॉड्स, रॉथमन आणि वाइट्झ यांनी २००१ मध्येच दाखवले होते की दहा किलोच्या आतल्या सस्तन प्राण्यांपुरते पाहिले तर दोन-तृतीयांश नाकारता येत नाही आणि मोठे प्राणी आले की चढ वाढतो.

हा धागा २०१० मध्ये कोलोकोट्रोनिस, सॅव्हेज, डीड्स आणि फोन्टाना यांनी ‘नेचर’मधल्या लेखात टोकाला नेला. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या आकडेवारीला लॉग-लॉग आलेखावर सरळ रेषेऐवजी वक्र बसवून पाहिला आणि वक्र स्पष्टपणे जास्त जुळला. हलक्या टोकाला त्याचा चढ कमी आहे, जड टोकाकडे तो वाढत जातो. म्हणजे सगळ्या सस्तन प्राण्यांना लागू होईल असा एक घातांक अस्तित्वातच नाही. व्हाइट आणि सिमोर यांच्या आकडेवारीत लहान प्राण्यांचा भरणा होता आणि मोठ्यांतले बरेच वगळलेले होते, त्यांना दोन-तृतीयांश मिळाला. ज्यांनी मोठ्या प्राण्यांना बरोबरीचे स्थान दिले त्यांना पाऊण मिळाला. दोघांनीही एकाच वक्राचे वेगवेगळे तुकडे मोजले होते.

सस्तन प्राण्यांच्या बाहेर गेलो तर एका आकड्याचा दावा आणखी सैल पडतो. २००६ मध्ये पीटर राइख आणि सहकाऱ्यांनी लहान रोपांचा श्वसनदर तपासला, तो वजनाच्या जवळपास सरळ प्रमाणात वाढत होता. २०१० मध्ये डीलाँग आणि सहकाऱ्यांना एकपेशीय आदिजीवांतही घातांक एकच्या जवळ आढळला आणि जिवाणूंमध्ये तो एकापेक्षाही जास्त. मासे आणि इतर शीतरक्ती प्राण्यांना त्वचेवाटे उष्णता घालवायची चिंता नसते, तरी त्यांचाही दर वजनापेक्षा संथ वाढतो, म्हणून रुबनरचे उष्णतेचे कारणही पुरे पडत नाही. डग्लस ग्लेझियर यांनी २००५ मध्ये एकेका जातीच्या आतले घातांक गोळा करून दाखवले की ते जातीगणिक बदलतात आणि बहुतेक दोन-तृतीयांश ते एक यांच्या दरम्यान पसरलेले आहेत. पृष्ठफळ एका बाजूला ओढते, घनफळ दुसऱ्या बाजूला, आणि प्राण्याची जीवनशैली व हालचाल यांनुसार आकडा मध्ये कुठेतरी ठरतो, अशी त्यांची मांडणी आहे.

इकॉलॉजीला काय फरक पडतो?

एवढ्याशा ०.०८ च्या फरकासाठी इतका खल का, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर एका प्रसिद्ध निष्कर्षात आहे. १९८१ मध्ये जॉन डॅमुथ यांनी वनस्पतिभक्षी सस्तन प्राण्यांची घनता, म्हणजे चौरस किलोमीटरमागे किती प्राणी, तपासली. ती वजनाच्या उणे पाऊण घाताने घटते असे त्यांना आढळले. प्रत्येक प्राण्याचा खर्च पाऊण घाताने वाढत असेल आणि संख्या पाऊण घाताने घटत असेल, तर गुणाकारात वजन नाहीसे होते. उंदरांची एक प्रजाती आणि हरणांची एक प्रजाती त्याच जमिनीतून साधारण सारखीच ऊर्जा उचलतात, असा त्याचा अर्थ. याला ऊर्जासमानतेचा नियम म्हणतात आणि २००४ मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘मेटाबॉलिक थिअरी ऑफ इकॉलॉजी’ने अशाच संबंधांवर मोठी इमारत उभी केली.

आता खर्चाचा घातांक दोन-तृतीयांश धरा. गुणाकारात वजनाचा उणे ०.०८ घात शिल्लक राहतो. आपल्या उंदीर-गाय जोडीसाठी, म्हणजे २५,००० पट फरकासाठी, गायीएवढ्या प्राण्याच्या प्रजातीचा ऊर्जावाटा उंदराच्या प्रजातीच्या निम्म्याहून कमी निघतो. समानता राहत नाही. पण दुसरी बाजूही पाहायला हवी: एकाच वजनाच्या प्रजातींच्या घनतेत दहापट आणि त्याहून जास्त फरक सहज आढळतो. एवढ्या विखुरलेल्या ठिपक्यांतून दुपटीचा फरक ओळखणे कठीण. म्हणून घनतेच्या आकडेवारीवरून पाऊण घात ‘सिद्ध’ करता येत नाही, आणि पाऊण घात गृहीत धरून ऊर्जासमानता सिद्ध झाली असेही म्हणता येत नाही. सेमिनारच्या पेपरांत हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या आधाराने उभे केलेले दिसतात, तिथे युक्तिवाद गोल फिरतो.

पेपरमध्ये काय लिहावे

या विषयावर पेपर लिहिणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्याशिवाय घातांक लिहू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. पहिली, कोणते प्राणी आणि कोणत्या वजनापासून कोणत्या वजनापर्यंत. दुसरी, कोणत्या अवस्थेतला दर: बीएमआर, रानातला दिवसभराचा खर्च की धावतानाची कमाल. तिसरी, रेषा कशी काढली: प्रत्येक प्रजातीला एक मत देऊन की वजनाचे टप्पे पाडून, आणि नातेवाईक प्रजाती एकमेकींसारख्या असतात हे हिशेबात धरले की नाही. घातांकासोबत त्याची अनिश्चितता लिहावी आणि शिल्लक त्रुटी वजनाच्या क्रमाने मांडून पाहाव्यात. त्या दोन्ही टोकांना रेषेच्या वर आणि मध्ये खाली दिसल्या, तर सरळ रेषा चुकीची आहे हे तिथेच कळते.

खुराकाच्या तक्त्यांसाठी, ढोबळ अंदाजासाठी पाऊण घात वापरायला काहीच हरकत नाही. त्या कामासाठीच तो ठरवला गेला होता. निसर्गाचा नियम म्हणून जे टिकले आहे ते एवढेच: सस्तन प्राण्यांत चयापचय दर वजनापेक्षा संथ वाढतो, त्याचा चढ साधारण दोन-तृतीयांश ते पाऊण यांच्या आसपास राहतो आणि मोठ्या आकारांकडे तो वाढत जातो. ‘क्लायबरच्या नियमानुसार’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य यापुढे लिहाल, तेव्हा त्यात ही मर्यादाही लिहा.